मुलांसाठी गाण्याचं अ‍ॅप: स्पॉटिफाय फॅमिली की अ‍ॅपल म्युझिक?

दोन्हीकडे आक्षेपार्ह गाण्यापुढे छोटा E असतो आणि दोन्हीकडे ती गाणी बंद करता येतात. मग फरक कशात? कुलूप कुठे लागतं आणि किल्ली कोणाकडे राहते, यात.

स्पॉटिफायच्या साध्या, एकट्याच्या प्लॅनमध्ये सेटिंगमधलं Explicit चं बटण बंद करता येतं, पण त्याला पासकोड नाही. पोराला बटण सापडलं की खेळ संपला. फॅमिली प्लॅनमध्ये मात्र पैसे भरणारा, म्हणजे प्लॅनचा मॅनेजर, स्वतःच्या अकाउंटच्या पानावरून एकेका मेंबरचं बटण बंद करतो आणि त्या मेंबरला ते उघडता येत नाही. सहा जणांपर्यंत मेंबर होतात, फक्त पत्ता एकच हवा. मोबाइल अँड्रॉइड आहे की आयफोन, याच्याशी देणंघेणं नाही. वयाची अट मात्र आधी वाचा. ती देशागणिक बदलते आणि खोटी जन्मतारीख टाकून खातं उघडणं हा काही तोडगा नव्हे.

अ‍ॅपलची पद्धत वेगळी. फॅमिली शेअरिंगमध्ये १३ वर्षांखालच्या मुलासाठी रीतसर चाइल्ड अकाउंट बनतं. मग Settings > Screen Time > Content & Privacy Restrictions उघडायचं, वरचं मुख्य बटण सुरू करायचं (इथेच बरेच जण चुकतात; ते बंद असेल तर खालचं काहीच लागू होत नाही) आणि संगीत-पॉडकास्टच्या ओळीत Clean निवडायचं. म्युझिक व्हिडिओचं बटण वेगळं आहे, तेही बघा. Screen Time चा पासकोड मुलाच्या जन्मतारखेचा ठेवू नका. आमच्या घरी तो तीन दिवस टिकला. अ‍ॅपल म्युझिक अँड्रॉइडवर असेल तर अ‍ॅपच्या आत वेगळी सेटिंग करावी लागते, आयफोनवरची तिथे पोचत नाही.

सेटिंग झाल्यावर मुलाच्या मोबाइलवरच तपासा. E लागलेलं एखादं इंग्रजी रॅप शोधून ते वाजतंय का पाहा. वाजलं, तर बहुतेक वेळा मोबाइल तुमच्याच खात्यावर लॉगिन असतो. हॉलमधल्या स्पीकरचंही तेच: तो तुमच्या खात्यावर असेल, तर मुलाच्या फिल्टरचा तिथे उपयोग शून्य.

एक गोष्ट दोन्ही अ‍ॅप सोडवू शकत नाहीत. E चा शिक्का गाण्याचे हक्क असलेली कंपनी लावते आणि त्यात प्रामुख्याने उघड शिवीगाळ किंवा तसलं वर्णन पकडलं जातं. आपल्याकडचं द्व्यर्थी गाणं, लग्नाच्या वरातीत वाजणारं, बिनशिक्क्याचं येऊ शकतं आणि फिल्टर त्याला सरळ वाट देतो. त्यासाठी तुम्हीच एक प्लेलिस्ट करून द्यावी लागते.

घरात सगळे आयफोन आणि मूल दहाच्या आसपास असेल, तर मी अ‍ॅपल घेईन. मोबाइल सरमिसळ आणि मुलं चौदा-पंधराची असतील, तर स्पॉटिफायचा फॅमिली प्लॅन. दर महिन्याला मेंबरची यादी उघडून बटण जागेवर आहे ना, एवढं बघायचं.