गोळीच्या उतारासाठी सपाट फळी की ॲल्युमिनियमचं चॅनेल?

विज्ञान प्रदर्शनात उतारावरून गोळी सोडायची, तर सनमायका लावलेली सपाट फळी घ्यावी की इतवारीतून ॲल्युमिनियमचं चॅनेल आणावं? मी दोन्ही वापरली आहेत. फळीवर गोळी बाजूला भरकटते, चॅनेलमध्ये नाकासमोर चालते. म्हणून बहुतेक जण चॅनेल घेतात. मीही आधी तेच घेतलं.

माझी गोळी भरीव पोलादाची, व्यास 25 मिलिमीटर. उतार दीड मीटर लांबीचा, उंचीतला फरक 20 सेंटिमीटर. भरीव गोळीच्या गतिज ऊर्जेतला 5/7 वाटा पुढे जाण्याचा आणि 2/7 फिरण्याचा, त्यामुळे तळाशी वेग सेकंदाला 1.67 मीटर यायला हवा आणि उतरायला 1.79 सेकंद लागायला हवेत. चॅनेलवर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये मोजलं, की दरवेळी 1.93 च्या आसपास येई. पोरांचं उत्तर तयारच असे, "सर, घर्षण!"

हेच मला डाचत राहिलं. घर्षणाचा तोटा असता, तर उतार जास्त तिरपा केल्यावर तुटीची टक्केवारी कमी व्हायला हवी होती. ती हलेचना.

कारण चॅनेलच्या तोंडात होतं. तोंड 15 मिलिमीटर रुंद, गोळी त्याच्या दोन कडांवर टेकून चालते. तिचा केंद्रबिंदू त्या कडांच्या रेषेपासून फक्त 10 मिलिमीटर वर राहतो, म्हणजे गोळीची त्रिज्या R साडेबारा असली तरी ती जिच्यावर लोळते ती त्रिज्या r दहाच. तेवढंच अंतर कापायला तिला सव्वापट वेगाने फिरावं लागतं.

v² = 2gh / (1 + 0.4 R²/r²)

फिरण्याचा वाटा 2/7 वरून 5/13 वर जातो आणि तळाचा वेग 1.55 वर येतो. वेळ काढा, बरोबर 1.93. ऊर्जा कुठे हरवली नव्हती, गरगरण्यात गेली होती.

फळीची कटकट मात्र मला वरवरची वाटते. दीड मीटरमध्ये गोळी 5 सेंटिमीटर भरकटली तरी वाट एक मिलिमीटरनेही वाढत नाही. कडेच्या पट्टीला घासली तर ती फेरी सोडून द्यायची, इतकंच. आमची फळी मे महिन्यात गच्चीवर राहून वाकली होती, तशी मात्र चालणार नाही.

ज्यांना r चं गणितच शिकवायचं आहे त्यांच्यासाठी चॅनेल झकास आहे, हे मान्य. 2/7 दाखवायचा असेल, तर मी आपली फळीच उचलतो, आणि तिच्याखाली कागदाच्या घड्या सरकवत बसतो.