जाहिरातीतल्या प्रश्नांची उत्तरं: पत्रात ओवायची की आकडे टाकून द्यायची?

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा आहे. जाहिरातीत म्हटलंय की अर्जाच्या पत्रातच चार उत्तरं द्या: सध्याचा आणि अपेक्षित पगार, कधी रुजू होणार, रात्रपाळी चालेल का, आणि रिजेक्शन कमी केल्याचं एक उदाहरण.

उत्तरं परिच्छेदांत ओवली तर पत्र छान वाहतं. पण अर्ज चाळणारा माणूस आधी उत्तरं शोधतो. रात्रपाळीचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात दडला असेल, तर तो दिलाच नाही असं धरून तो पुढच्या अर्जाकडे वळतो. शिवाय ओघात लिहिताना एखादं उत्तर राहून जातं, आणि ते बहुधा पगाराचं असतं. जाहिरात न पाहिलेल्या कुणाला तरी पत्र द्या, चारही प्रश्न विचारा आणि उत्तरांवर बोट ठेवायला सांगा. बोट अडखळलं, तर पत्र पुन्हा लिहायला हवं.

आकडे टाकून, जाहिरातीच्याच क्रमाने लिहिलं तर ही अडचण राहत नाही. ‘1. पगार: सध्या दरमहा हातात 24,000 रुपये, अपेक्षा हातात 29,000 ते 31,000.’ ‘हातात’ हा शब्द हवाच, नाहीतर पीएफ कापण्याआधीचा की नंतरचा, हे कळत नाही. ‘2. रुजू: राजीनामा दिल्यापासून 30 दिवसांत.’ नुसतं ‘लवकरात लवकर’ लिहून समोरच्याला काहीच समजत नाही. रात्रपाळी एक आठवड्याआड जमणार असेल, तर तसंच लिहा.

या पद्धतीचा धोका चौथ्या प्रश्नात आहे. वरची उत्तरं एकेका ओळीची झाली की हेही आखडतं: ‘होय, ब्लो होल, म्हणजे ओतीव नगात वायूमुळे पडणाऱ्या पोकळ्या, कमी केले.’ खरं तर निवड याच उत्तरावर ठरते, म्हणून इथे ऐसपैस लिहा:

‘4. पंप केसिंगमध्ये ब्लो होल वाढले होते. खराब नगांची तारीख आणि पाळी जुळवली, तेव्हा बहुतेक नग सकाळच्या पहिल्या मोल्डमधले निघाले. वाळूतला ओलावा 4.8 टक्के होता, आमची मर्यादा 3.5 ते 4. ओलावा तपासल्याशिवाय मोल्डिंग सुरू करायचं नाही, असं मी सुचवलं आणि मोल्डिंग सुपरवायझरनी ते लागू केलं. दोन महिन्यांत खराब नग शंभरात 9 वरून 4 वर आले.’

यात स्वतःचं काम किती आणि दुसऱ्याचं किती, हे वेगळं दिसतं. मुलाखतीत खोदून विचारलं तरी हे उत्तर टिकतं.

म्हणून तीन किंवा जास्त प्रश्न असतील तर मी आकडेच निवडेन. ‘आमच्याकडेच का यायचंय?’ असा एकच मोकळा प्रश्न असेल, तर मात्र परिच्छेदच बरा. तिथे आकडा टाकला की पत्र फॉर्मसारखं दिसतं. उत्तरांचा वेगळा कागद जोडण्याचा पर्याय दोन्ही वेळा बाद, कारण जाहिरातीने उत्तरं पत्रातच मागितली आहेत.