टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट: घोषणांचा ड्राफ्ट, उपक्रमांची यादी, की एक पद्धत पुराव्यासकट?

पुण्यात सध्या बऱ्याच कॉलेजांच्या भरतीत सीव्हीसोबत एक-दोन पानांचं टीचिंग स्टेटमेंट मागतात, आणि बहुतेकांचं स्टेटमेंट 'मी विद्यार्थीकेंद्री शिक्षणावर विश्वास ठेवतो' इथून सुरू होऊन 'आजीवन शिकणारे नागरिक घडवायचेत' इथे संपतं. ते बदलायचं ठरवलं की समोर दोन रस्ते येतात, वर्गात जे जे करता त्याची यादी द्यायची किंवा एकच गोष्ट धरून ती पुराव्यासकट सांगायची. एफईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊन तिन्ही ड्राफ्ट शेजारी शेजारी ठेवतो. खरं स्टेटमेंट इंग्रजीत असेल, इथे मुद्दा मराठीत.

पहिला ड्राफ्ट: 'माझ्या वर्गात मुलं घोकंपट्टी करत नाहीत, ती विचार करायला शिकतात. मी संवादातून शिकवतो.'

यात खोटं काही नाही, पण हेच वाक्य केमिस्ट्रीवाला, मराठीवाला आणि कॉमर्सवाला जसंच्या तसं वापरू शकतो. घोषणा ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे वाक्य उलटं करून बघा. 'मी घोकंपट्टीवर भर देतो, मला संवाद आवडत नाही' असं कोणी लिहील का? नाही ना, मग मूळ वाक्यातूनही वाचणाऱ्याला काही कळत नाही.

दुसरा ड्राफ्ट: 'मी ग्रुप डिस्कशन, क्विझ, फ्लिप्ड क्लासरूम, मिनी प्रोजेक्ट, सिम्युलेशन वापरतो.'

हा पहिल्यापेक्षा बरा, निदान वर्गात काय चालतं ते दिसतं. गोची अशी की पाच उपक्रमांपैकी एकही कसा चालतो, कुठल्या अडचणीसाठी चालतो आणि त्याने काय फरक पडला हे कळत नाही, आणि इंटरव्ह्यूला 'फ्लिप्ड म्हणजे नेमकं काय करता सर, मुलं घरी व्हिडिओ बघून येतात का?' एवढं विचारलं तरी घाम फुटतो.

तिसरा ड्राफ्ट एका अडचणीपासून सुरू होतो. बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली मुलं न्यूटनचा तिसरा नियम धडाधड म्हणून दाखवतात, पण सिंहगड रोडवर बस आणि स्कूटरची टक्कर झाली तर कोणाचा फोर्स जास्त असं विचारलं की वर्गातले बरेचजण 'बसचा' म्हणतात. फोर्स दोन्हीकडे सारखाच असतो, स्कूटरचं मास कमी म्हणून तिचं अॅक्सलरेशन जास्त, आणि मुलं या दोन गोष्टींची गल्लत करतात. 'घोकंपट्टी नको' या घोषणेचा नेमका अर्थ इथे सापडतो, आणि मग पद्धत सांगता येते.

पद्धत म्हणजे पीअर इन्स्ट्रक्शन, हार्वर्डमध्ये एरिक माझुर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वापरायला घेतलेली. पडद्यावर चार पर्यायांचा प्रश्न, मिनिटभर कोणाशी न बोलता विचार, मग एकदम उत्तर. उत्तराचं बटण दाबायचे क्लिकर लागत नाहीत, चार रंगांची कार्डं किंवा छातीशी धरलेली बोटं चालतात, फक्त सगळ्यांनी एकाच वेळी दाखवायचं नाहीतर पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बघून हात वर होतात. बरोबर उत्तरं साधारण 30 ते 70 टक्क्यांच्या मधे असतील तर दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा मतदान. तीसच्या खाली असेल तर चर्चेत चुकीचंच पसरतं, तेव्हा आधी पुन्हा शिकवायचं. सत्तरच्या वर असेल तर थोडक्यात सांगून पुढे जायचं. हे आकडे लिहिलेत की वाचणाऱ्याला कळतं हा माणूस खरंच करतो, कारण नुसतं नाव ऐकलेला माणूस 'चर्चा घेतो' एवढंच लिहितो.

आता पुरावा, आणि निवड करायची खरी जागा ही आहे. हाताशी साधारण तीन गोष्टी असतात. फीडबॅक फॉर्मचे 4.6 वगैरे आकडे सगळ्यात सहज मिळतात, पण मुलांना शिकवणं आवडणं आणि मुलं शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 2019 मध्ये हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात अॅक्टिव्ह पद्धतीने बसलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं आणि टेस्टमध्ये ती जास्त शिकलेली निघाली. म्हणजे ही पद्धत चालू केल्यावर तुमचा फीडबॅक उलट घसरूही शकतो, तेव्हा फॉर्म द्यायचाच तर मुलांनी स्वतः लिहिलेली एक-दोन वाक्यं द्या, सरासरी नको. इनसेमचा, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेचा, निकाल दुसरा, पण पेपर दरवर्षी वेगळा, बॅच वेगळी, तपासणारा वेगळा, त्यामुळे 'निकाल दहा टक्क्यांनी वाढला' याचं श्रेय तुम्हालाच का हे सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आधी-नंतरची छोटी टेस्ट, आणि माझं मत सरळ हिच्या बाजूने आहे. समजा वर्ग 60 चा. नियम शिकवायच्या आधी बस-स्कूटरचा प्रश्न कागदावर घेतला. तीन आठवड्यांनी, न सांगता, त्याच कल्पनेचा वेगळा प्रश्न: कॅरमचा जड स्ट्रायकर हलक्या सोंगटीला लागला, कोणावर फोर्स जास्त? तोच प्रश्न परत दिला तर पाठांतरच मोजलं जातं. दोन्ही वेळा हजर असलेले 48, हिशोब फक्त त्यांचाच करायचा. आधी 12 बरोबर, नंतर 30. चुकीच्या बाजूला 36 होते, त्यातले निव्वळ 18 इकडे आले, म्हणजे जेवढी सुधारणा शक्य होती तिच्या निम्मी, 0.5. याला नॉर्मलाइज्ड गेन म्हणतात. रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा डेटा एकत्र केला, तेव्हा नुसत्या लेक्चरच्या कोर्सेसमध्ये तो सरासरी 0.23 आणि मुलांना कामाला लावणाऱ्या कोर्सेसमध्ये 0.48 आला होता. पण ते आकडे पूर्ण टेस्टचे आहेत, तुमचा एका प्रश्नाचा 0.5 त्यांच्या शेजारी मांडून 'मी सरासरीच्या वर' म्हणायला गेलात तर जाणकार माणूस तिथेच पकडेल. चार-पाच प्रश्न घेतलेत तर बोलण्यात जरा दम येतो.

शिवाय गैरहजर राहिलेले 12 बहुधा मागे पडणारेच असतात म्हणजे आकडा थोडा तुमच्या बाजूला झुकलेला असतो, दुसरं डिव्हिजन जुन्या पद्धतीने शिकलेलं नसेल तर तुलनाही नाही, आणि दोन्ही प्रश्नांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी असेलच असं नाही (यावर उपाय: अर्ध्या वर्गाला आधी कॅरमचा आणि नंतर बसचा द्यायचा). हे स्टेटमेंटमध्ये एका वाक्यात लिहून टाका. 'या पद्धतीमुळेच झालं' असं न लिहिता 'सुधारणा दिसली, पुढच्या सेमिस्टरला दुसऱ्या डिव्हिजनशी ताडून बघतोय' असं लिहिलं तर कोणी आडवा प्रश्न विचारला तरी उत्तर तयार असतं.

मग तिसरा ड्राफ्ट असा होतो: 'एफईची मुलं तिसरा नियम म्हणतात पण टक्करीच्या प्रश्नात जड वस्तूचा फोर्स जास्त मानतात. म्हणून मी दर लेक्चरला एक प्रश्न आधी एकट्याने, मग शेजाऱ्याशी बोलून सोडवून घेतो. दोन्ही टेस्ट दिलेल्या 48 पैकी आधी 12 आणि तीन आठवड्यांनी वेगळ्या प्रश्नावर 30 जणांचं बरोबर आलं. अॅक्सलरेशन आणि फोर्सची गल्लत मात्र उरलेल्यांच्या उत्तरांत अजून दिसते, म्हणून आता आधी फ्री बॉडी डायग्राम काढून घेतो.' शेवटचं वाक्य सहसा कोणी लिहीत नाही, पण आकडा बघून माणसाने वर्गात काय बदललं ते फक्त तिथेच दिसतं.

जागेचं म्हणाल तर अशा दोन पद्धती दोन पानांत बसतात, तिसरी कोंबू नका. फ्लिप्ड, मिनी प्रोजेक्ट वगैरे सीव्हीत एका ओळीत जाऊ द्या.

नुकतीच पीएचडी झालीये, स्वतःचा वर्गच नव्हता, फक्त ट्युटोरियल घेतलीत, तर आकडे कुठून आणायचे? अशा वेळी दुसरा आणि तिसरा यांच्या मधला ड्राफ्ट घ्या: ट्युटोरियलमध्ये दिसलेली एक ठरावीक चूक, ती काढायला काय कराल, आणि जमलं की नाही हे कुठल्या प्रश्नाने तपासाल. आकडा नसला तरी चालतं, पण तो प्रश्न शब्दशः लिहा. आणि डेमो लेक्चर असेल तर तोच प्रश्न तिथे कमिटीला विचारा, कार्डं घेऊन जा.