आयसीईआरभोवतीची मर्यादा की निव्वळ लाभ?

समजा, नव्या औषधाला जुन्यापेक्षा सरासरी 60,000 रुपये जास्त लागतात आणि 0.4 क्वाली, म्हणजे पूर्ण आरोग्याची तेवढी वर्षं, जास्त मिळतात. भागाकार 1,50,000 रुपये प्रति क्वाली, हाच आयसीईआर. एका क्वालीसाठी जास्तीत जास्त किती मोजायचे, तो उंबरठा 2,00,000 धरला तर औषध परवडतं. आयसीईआर वापरा किंवा निव्वळ लाभ, इथवर दोन्ही पद्धतींत वाद नाही.

वाद सुरू होतो अनिश्चितता लिहिताना. बरेच लेखक आकडे बदलत संगणकावर 1,000 फेऱ्या, म्हणजे सिम्युलेशन, करतात आणि त्यांचे आयसीईआर चढत्या क्रमाने लावून मधल्या 95 टक्क्यांच्या मर्यादा देतात. दिसायला नीटस, पण फसवं. एका फेरीत औषध 10,000 ने महाग आणि 0.1 क्वालीने वाईट निघतं. दुसरीत 10,000 ने स्वस्त आणि 0.1 ने सरस. दोन्हींचा आयसीईआर उणे 1,00,000! तोटा आणि घबाड एकाच आकड्यात. मर्यादेचं टोक उणे दिसलं की मी आधी फेऱ्यांचा ठिपक्यांचा आलेख शोधतो.

निव्वळ लाभात क्वालीला उंबरठ्याने गुणून जादा खर्च वजा करतात. मूळ उदाहरणात 20,000 उरतात. त्या दोन फेऱ्यांत उणे 30,000 आणि अधिक 30,000. गोंधळच नाही. अधिक आलेल्या फेऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या उंबरठ्यांवर मांडलं की स्वीकारार्हता वक्र तयार होतो.

मी निव्वळ लाभच निवडेन. मात्र ‘औषध परवडण्याची 70 टक्के शक्यता’ एवढंच लिहिलं, तर उरलेल्या 30 टक्क्यांत नुकसान किती मोठं, हे कळत नाही. शिवाय उंबरठा निकालाआधी ठरवलेला हवा.