भाडेकरार: सहा महिन्यांचा लॉक-इन की नुसती महिन्याची नोटीस?

पुण्यातला 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार घेऊ. भाडे 20,000, डिपॉझिट 60,000. भाडेकरूची बदली झाली आणि महिनाभर आधी नोटीस देऊन त्याने चौथ्या महिन्याअखेर घर सोडले.

सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर करार मोडायचा नाही अशी अट, आणि 'लॉक-इनच्या उरलेल्या मुदतीचे भाडे देय' असे कलम असेल, तर मालक दोन महिन्यांचे 40,000 मागतो. ते डिपॉझिटमधून कापले की हातात उरतात 20,000. लॉक-इन नसेल, तर पूर्ण 60,000 परत. पण मग मालकही महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामे करून मागू शकतो. मुलांची शाळा जवळ असेल तर ही टांगती तलवार नको वाटते.

मी लॉक-इनच निवडेन, पण तो दोघांना लागू असल्याचे स्पष्ट लिहून. पुष्कळ मसुद्यांत तो फक्त भाडेकरूला बांधतो. सही करण्याआधी तेवढी ओळ नीट वाचा. शिवाय लॉक-इन मोडल्यास कपात एका महिन्याच्या भाड्यापुरतीच, आणि बदली झाल्यास तीही नाही, असे घालून घ्या.

दुरुस्तीचे कलम दोन्हींत सारखेच ठेवावे: गळती, जुने वायरिंग मालकाकडे, बल्ब, नळाचे वॉशर भाडेकरूकडे. डिपॉझिट मात्र चावी देतानाच परत, असे लिहा.