आठ महिने आयटीसी वापरल्यावर: तीन आकडे मिळतात खरे, पण एन्ट्रॉपीवर लगेच विश्वास ठेवू नका

आठ महिने झाले, आठवड्यातून दोन-तीन दिवस मी आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटरवरच, म्हणजे आयटीसीवरच असते, लहान सेलवालं मॉडेल आहे, सेलमध्ये साधारण २०० मायक्रोलिटर प्रोटीन आणि सिरिंजमध्ये ४० मायक्रोलिटर लिगँड, म्हणजे प्रोटीनला जाऊन बसणारा रेणू. काम फार सरळ आहे. शेजारच्या रेफरन्स सेलमध्ये पाणी असतं, दोन्ही सेल एकाच तापमानाला राहावेत म्हणून मशीन सतत वीज कमी-जास्त करत असतं, आणि लिगँडचा थेंब पडला की जी उष्णता सुटते किंवा शोषली जाते ती त्या विजेतल्या फरकातून मोजली जाते. ना फ्लोरोसंट लेबल लावायचं ना प्रोटीन कशावर चिकटवायचं, हे मला अजूनही भारी वाटतं.

माझा नेहमीचा रन म्हणजे सेलमध्ये ३० मायक्रोमोलर प्रोटीन, सिरिंजमध्ये ३०० मायक्रोमोलर लिगँड, २५ अंश, पहिलं इंजेक्शन ०.४ मायक्रोलिटरचं, ते फिटमध्ये धरायचं नाही कारण टोकाशी थोडं आधीच मिसळलेलं असतं, मग २-२ मायक्रोलिटरची १९, दोन इंजेक्शनमध्ये १५० सेकंद. पाऊण-एक तासात वक्र हातात. वक्राच्या उंचीतून ΔH म्हणजे बाइंडिंगची उष्णता, उतारातून अफिनिटी म्हणजे Kd, जो जितका लहान तितकं बाइंडिंग घट्ट, आणि मधल्या बिंदूतून n, म्हणजे एका प्रोटीनला किती लिगँड बसतात ते.

आता खरा मुद्दा. एन्ट्रॉपी मशीन मोजतच नाही, ती वजाबाकीतून येते:

```
ΔG = RT ln Kd
−TΔS = ΔG − ΔH
```

त्यामुळे ΔH मध्ये काही गडबड असेल तर ती जशीच्या तशी एन्ट्रॉपीच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि हे मी एका लिगँडवर अगदी डोळ्यांनी बघितलं. Kd जवळपास १ मायक्रोमोलर, म्हणजे ΔG −८.२ किलोकॅलरी प्रति मोल. पहिला रन ट्रिसमध्ये केला, ΔH आला −४.२, म्हणजे −TΔS सुद्धा −४.०, आम्ही खूश की एन्ट्रॉपीची एवढी मदत आहे म्हणजे पाणी बाहेर ढकललं जातंय, हायड्रोफोबिक बाइंडिंग आहे वगैरे. मग दुसऱ्या कामासाठी तोच प्रयोग त्याच पीएचला फॉस्फेटमध्ये केला तर Kd तोच, n तोच, पण ΔH −९.४! म्हणजे −TΔS आता +१.२, एन्ट्रॉपी मदत सोडाच, उलट विरोधात. दोन दिवस मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं.

चुकलं काहीच नव्हतं. लिगँड बसताना कॉम्प्लेक्स बफरकडून सरासरी अर्धा प्रोटॉन घेत होता, आणि ट्रिसमधून प्रोटॉन काढायला मोलमागे सुमारे ११.३ किलोकॅलरी लागतात, फॉस्फेटमधून फक्त ०.९ च्या आसपास. मशीनला बाइंडिंगची उष्णता आणि बफरची उष्णता वेगळी कळत नाही, ते बेरीजच सांगतं. खात्रीसाठी हेपेसमध्ये तिसरा रन केला, त्याची आयनीकरणाची उष्णता साधारण ५, आणि ΔH त्या दोन्हींच्या मध्ये −७.३ ला आला. तिन्ही बिंदू बफरच्या आयनीकरणाच्या उष्णतेविरुद्ध काढले तर एक रेष मिळते, तिचा उतार म्हणजे प्रोटॉनची संख्या आणि शून्यापाशी जो आकडा येतो तो बफर वजा केलेला ΔH, माझ्याकडे −९.८ च्या आसपास. तेव्हापासून फक्त ट्रिसमधला एकच रन दाखवून कोणी एन्ट्रॉपीची गोष्ट सांगायला लागलं की मी आधी बफर विचारते.

दुसरी गोष्ट कॉन्सन्ट्रेशनची. सेलमधल्या प्रोटीनचा आकडा चुकला तर फिट ते बहुतांशी n मध्ये ढकलतं, n ०.७ आला तर मी आधी प्रोटीनचा किती भाग जिवंत आहे ते बघते. पण सिरिंजमधला लिगँड १० टक्के चुकला तर ΔH सुद्धा तेवढाच चुकतो, आणि Kd मधली तेवढी चूक ΔG ला जेमतेम ०.०६ ने हलवते, म्हणजे पुन्हा सगळा बोजा एन्ट्रॉपीवर. लिगँडच्या पावडरचं नुसतं वजन करून भागत नाही, जमेल तिथे शोषण मोजून घ्या.

डीएमएसओने मात्र सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. १० मिलीमोलर स्टॉकमधून ३०० मायक्रोमोलर केलं की ३ टक्के डीएमएसओ येतो, तेवढाच प्रोटीनमध्येही पाहिजे, एकदा मी प्रोटीनमध्ये घालायलाच विसरले आणि १९ च्या १९ पीक सारख्याच उंचीचे मोठे आले. ओळखायची खूण हीच, बाइंडिंग संपल्यावर पीक लहान व्हायला हवेत, ते होत नसतील तर ती मिसळण्याची उष्णता आहे. आता प्रोटीन डायलिसिस करून त्याच बाहेरच्या बफरमध्ये लिगँड करते, आणि लिगँड नुसत्या बफरमध्ये टाकायचा कंट्रोल रन कधीच चुकवत नाही.

मर्यादा म्हणाल तर प्रोटीन खूप जातं, भरायलाच ३०० मायक्रोलिटर लागतं, २५ किलोडाल्टनचं असेल तर एका रनला सव्वादोनशे मायक्रोग्रॅम. आणि बाइंडिंग नॅनोमोलरच्याही खाली गेलं की वक्र सरळ जिन्याच्या पायरीसारखा होतो, तेव्हा ΔH चांगला मिळतो पण Kd वाचता येत नाही, त्यासाठी आधी कमजोर लिगँड बसवून मग घट्ट बसणाऱ्याने तो हाकलायचा, तो प्रयोग मी पुढच्या महिन्यात लावतेय.