पोर्टल की ८०२.१एक्स? पडताळणीचा सर्व्हर मंद असेल तेव्हा कोणाची बाजू घ्यावी

मोठ्या संस्थेच्या वाय-फायवर लोकांना आत कसं घ्यायचं, हा निर्णय मला दोन वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागला. एकीकडे कॅप्टिव्ह पोर्टल चालवलं, म्हणजे आधी जोडायचं आणि मग ब्राउझरमधल्या पानावर नाव-पासवर्ड टाकायचा. दुसरीकडे ८०२.१एक्स, म्हणजे नाव-पासवर्ड फोनमध्येच साठवलेला आणि तपासणी जोडणी होण्याआधीच. दोन्ही ठिकाणी मागे नाव-पासवर्ड तपासणारा रॅडियस सर्व्हर होता, त्याच्या मागे वापरकर्त्यांची डिरेक्टरी, आणि दोन्हीकडे तक्रार अगदी एकच: सकाळी सगळे एकदम आले की वाय-फाय जोडायला वेळ लागतो. सुरक्षिततेची तुलना बाजूला ठेवतो, ती सगळ्यांना ठाऊक आहे. इथे प्रश्न एवढाच, की मागचा सर्व्हर मंदावला तर दोन्हींपैकी कोणती पद्धत ते जास्त नीट सोसते.

वरवर पाहिलं तर पोर्टल हलकं वाटतं. बटण दाबलं की पोर्टल रॅडियसला एक विनंती पाठवतं, एक उत्तर येतं, काम झालं. ८०२.१एक्समध्ये पीईएपी ही पासवर्डवर चालणारी पद्धत वापरत असाल तर आधी टीएलएसचा कूटबद्ध बोगदा उभा राहतो, मग त्यातून पासवर्डची तपासणी होते, आणि एका जोडणीसाठी सर्व्हरकडे साधारण आठ-दहा फेऱ्या होतात. एड्युरोमवर, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सामायिक वाय-फायवर, पाहुणा आला असेल तर या फेऱ्या थेट त्याच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरपर्यंत जातात. एका फेरीला २०० मिलिसेकंद धरले तरी दोन सेकंद वाटेतच गेले. त्यामुळे सर्व्हर मंद असेल तर पोर्टलच बरं, असा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो मानलाही होता.

पण या फेऱ्यांपैकी बहुतेक रॅडियस सर्व्हरवरच संपतात आणि झटपट होतात. खरी रांग लागते ती त्यापुढे, पासवर्ड तपासायला डिरेक्टरीकडे जावं लागतं तिथे. आमच्याकडे रॅडियससाठी फ्रीरॅडियस होता आणि तो साम्बाच्या विनबाइंड या सेवेमार्फत अॅक्टिव्ह डिरेक्टरीला विचारत असे. साम्बामध्ये `winbind max domain connections` ही सेटिंग मुळात १ असते. म्हणजे फ्रीरॅडियसचे ३२ धागे मोकळे असले तरी पुढे डिरेक्टरीकडे जायला एकच दार.

हिशोब करून पाहा. एका तपासणीला ४०० मिलिसेकंद लागत असतील तर त्या एका दारातून मिनिटाला १५० जण जातात. ६०० जण पाच मिनिटांत आले तर निभावतं, कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच ६०० जण दोन मिनिटांत आले तर दोन मिनिटं संपताना ३०० जण रांगेत उरतात आणि शेवटच्याला आणखी दोन मिनिटं थांबावं लागतं. तेवढं कोणी थांबत नाही. पोर्टलवर माणूस पुन्हा बटण दाबतो, ८०२.१एक्सवर फोन स्वतःच कंटाळून पहिल्यापासून सुरुवात करतो. जुन्या विनंत्या रांगेतच असतात आणि त्यांच्या मागे नव्या येऊन उभ्या राहतात. म्हणून ही मंदी हळूहळू वाढत नाही, एका क्षणी एकदम कोसळते. इथवर दोन्ही पद्धती सारख्याच वाईट.

फरक पडतो तो दुसऱ्यांदा जोडताना. पोर्टलला माणूस आत आहे की गेला हे नक्की कळत नाही, म्हणून ते काही काळ हालचाल दिसली नाही की सत्र बंद करतं. आमच्याकडे ही मुदत २० मिनिटं होती. तासाभराची बैठक किंवा व्याख्यान संपलं की तेच लोक पुन्हा लॉगिन करत, आणि तीच रांग दिवसात चार-पाचदा लागे. यावर उपाय म्हणून पोर्टल उपकरणाचा मॅक पत्ता लक्षात ठेवतात. पण आता फोन खरा मॅक पत्ता दाखवतच नाहीत, आणि आयओएस १८ पासून उघड्या नेटवर्कवर तो बनावट पत्ताही ठरावीक काळाने बदलतो. पोर्टलचं नेटवर्क बहुधा उघडंच असतं, त्यामुळे तो आधार दिवसेंदिवस कच्चा होतो आहे.

८०२.१एक्समध्ये याउलट टीएलएसचं सत्र पुन्हा वापरता येतं. सकाळी एकदा पूर्ण तपासणी झाली की नंतर फोन त्याच सत्राचा दाखला देतो. सर्व्हर तो स्वतःकडच्या नोंदीशी ताडून पाहतो, आणि पासवर्डसाठी डिरेक्टरीकडे जावंच लागत नाही. फ्रीरॅडियसच्या `eap` मॉड्यूलमध्ये, टीएलएसच्या भागात, एवढंच असतं:

```
cache {
    enable = yes
    lifetime = 24
}
```

`lifetime` तासांत आहे. हे चालू केल्यावर आमच्याकडची दुपारची गर्दी जवळजवळ दिसेनाशी झाली. मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण दुपारचे तक्रारीचे फोन यायचे थांबले, आणि मला तेवढा पुरावा पुरला. दोन गोष्टी मात्र सांभाळा. रॅडियसचे दोन सर्व्हर असतील तर एकाची नोंद दुसऱ्याकडे आपोआप जात नाही, त्यामुळे फोन दुसऱ्याकडे वळला की पूर्ण तपासणी होते. आणि कोणाचं खातं बंद केलंत तर जुन्या सत्रावर तो मुदत संपेपर्यंत आत येऊ शकतो. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी मुदत काही तासांवर आणावी.

आता माझ्यापुरता निर्णय ज्या त्रासाने झाला तो सांगतो. पोर्टलचं सत्र मध्येच संपलं की उपकरणाला ते कळत नाही. वाय-फायची खूण तशीच पूर्ण दिसते, आयपी पत्ताही तोच असतो, पण पुढे काही जात नाही. पोर्टलला आपलं पान दाखवण्यासाठी साध्या एचटीटीपीची विनंती अडवावी लागते. आज जवळजवळ सगळंच एचटीटीपीएसवर चालतं, आणि ते अडवलं तर ब्राउझर प्रमाणपत्राची धोक्याची सूचना दाखवतो. ब्राउझरचं हे असं, तर व्हिडिओ कॉलचं अॅप बिचारं काहीच सांगू शकत नाही, नुसतं फिरत बसतं. नव्याने जोडताना फोन `http://connectivitycheck.gstatic.com/generate_204` अशा पत्त्यावर विचारून पाहतो आणि २०४ हे उत्तर आलं नाही तर पान उघडतो. पण आधीच जोडलेल्या लॅपटॉपला ही शंका यायला वेळ लागतो.

माझी एक महत्त्वाची बैठक अशीच गेली. लॅपटॉपचं झाकण अर्धा तास बंद होतं. उघडलं, कॉल सुरू केला, आता जोडला जाईल असं वाटत होतं आणि मी फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसलो. सत्र संपलंय हे लक्षात यायला काही मिनिटं गेली. मुद्दाम एक साधं एचटीटीपीचं पान उघडून पोर्टल बोलावलं, पासवर्ड टाकला, आणि नेमका तेव्हा मागचा सर्व्हर मंद होता. पान फिरत राहिलं, मी पुन्हा बटण दाबलं, ते आणखी फिरलं. जोडलंय की नाही हे सांगणारं कोणीच नाही, ही स्थिती मला नुसत्या उशिरापेक्षा फार वाईट वाटते. ८०२.१एक्समध्ये सर्व्हर मंद असेल तर उपकरण जोडलंच जात नाही, आणि ते स्पष्ट दिसतं. फोन तेवढा वेळ मोबाइल डेटावर राहतो आणि लॅपटॉपवर ‘जोडत आहे’ दिसत राहतं, म्हणजे निदान काय चाललंय ते कळतं.

तरी पोर्टलची एक जमेची बाजू मान्य करायलाच हवी. सर्व्हर पूर्ण बंद पडला तर पोर्टल तात्पुरतं सगळ्यांना मोकळं सोडता येतं. ८०२.१एक्समध्ये सर्व्हर नाही तर नवीन जोडणी नाही, त्यामुळे दुसरा सर्व्हर लागतोच, आणि त्याच्याकडे वळण्याची वेळ विचार करून ठरवावी लागते. अॅक्सेस पॉइंट पाच सेकंद वाट पाहून तीनदा प्रयत्न करणार असेल तर दुसऱ्याकडे जाईपर्यंत पंधरा सेकंद गेले, आणि तोवर फोनने नाद सोडलेला असू शकतो. उलट वेळ फार कमी ठेवलीत तर नुसता मंद असलेला सर्व्हर मेला असं समजून अॅक्सेस पॉइंट दुसऱ्याकडे पळतो. अर्धवट झालेली तपासणी तिकडे पुढे चालत नाही, पहिल्यापासून करावी लागते, आणि सगळा भार दुसऱ्यावर पडून तोही मंदावतो. आम्ही हे एकदा भोगलं. वेळ कमी करण्याआधी पहिला सर्व्हर मंद का आहे ते शोधा.

ते शोधायला फार सामग्री लागत नाही. पोर्टलवर पानच उशिरा येत असेल तर दोष बहुधा डीएनएस किंवा पोर्टलच्या वेब सर्व्हरचा, आणि पान लगेच येऊन बटणानंतर फिरत असेल तर रॅडियस किंवा डिरेक्टरीचा. ८०२.१एक्सवर फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथे अडकला तर रॅडियसला उगाच बोल लावू नका, तिथे आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर पाहा. रॅडियस सर्व्हरवर बसून हेही करून बघा:

```
time radtest -t mschap नाव पासवर्ड localhost 0 गुप्तशब्द
```

यात टीएलएस नाही, अॅक्सेस पॉइंटही नाही. म्हणजे इथे लागलेला वेळ जवळपास सगळा डिरेक्टरीचा. ही आज्ञा एकदा निवांत वेळी आणि एकदा सकाळच्या गर्दीत चालवा. आमच्याकडे निवांत वेळी उत्तर डोळ्यांदेखत यायचं आणि गर्दीत कित्येक सेकंद लागायचे, त्यावरूनच ते एक दार सापडलं. `winbind max domain connections` वाढवल्यावर सकाळचीही रांग सुटली. पोर्टल चालवत असतो तर त्याचाही याने फायदाच झाला असता, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

एक-दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना फोनमध्ये प्रमाणपत्र आणि खातं बसवायला लावणं मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी पोर्टल आम्ही अजून ठेवलंय, पण त्याची पडताळणी मुख्य डिरेक्टरीकडे जात नाही. वेगळ्या लहान यादीवरून होते, म्हणजे पाहुण्यांच्या लॉगिनमुळे रोजच्या लोकांची रांग वाढत नाही. तुमच्याकडे बहुतेक लोक पाहुणेच असतील तर माझा अनुभव तुम्हाला कदाचित लागू होणार नाही. पण तेच लोक रोज सकाळी येऊन संध्याकाळी जात असतील आणि मागचा सर्व्हर बदलणं तुमच्या हातात नसेल, तर मी ८०२.१एक्स घेईन. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा फोन लावून द्यायला वेळ जातो, आमचा जवळपास आठवडा गेला, आणि पुन्हा करावं लागलं तर मी तो आठवडा पुन्हा देईन.